टरफलाला तडा, अंड्यावर नक्षी

तैपेईत कुठल्याही कोपऱ्यावरच्या, चोवीस तास उघड्या असणाऱ्या दुकानात शिरलं की गल्ल्याशेजारी ठेवलेला विजेवरचा कुकर दिसायच्या आधी त्याचा वास येतो. चक्रीफूल, दालचिनी, सोया सॉस आणि खूप वेळ उकळलेला चहा यांचा तो वास असतो. कुकरमध्ये काळसर पाण्यात तडे गेलेली अंडी बुडालेली असतात. गिऱ्हाईक चिमट्यानं एक उचलतं, छोट्या पिशवीत टाकतं, पैसे देतं आणि ऑफिसच्या वाटेवर ते सोलून खातं. चिनी भाषेत याला ‘चा-ये-दान’ म्हणतात. ‘चा-ये’ म्हणजे चहाची पानं आणि ‘दान’ म्हणजे अंडं.

सोलल्यावर दिसतं ते पाहण्यासारखं असतं. पांढऱ्या बलकावर तपकिरी रेषांचं जाळं पसरलेलं असतं, कुठे केसासारखं बारीक तर कुठे पसरट डागासारखं. संगमरवराच्या शिरा आठवाव्यात असं ते दृश्य. प्रत्येक अंड्याची नक्षी वेगळी, कारण प्रत्येक टरफल आपापल्या पद्धतीनं फुटलेलं असतं.

ही पाककृती बरीच जुनी आहे. छिंग राजवटीतला कवी आणि खवय्या युआन मेइ यानं 1792 साली ‘सुईयुआन शीतान’ नावाचं पाकपुस्तक प्रसिद्ध केलं. त्यात चहातल्या अंड्यांची कृती जेमतेम दोन-तीन ओळींत येते. शंभर अंडी, एक लिआंग मीठ म्हणजे साधारण 37 ग्रॅम, आणि जाडाभरडा चहा. शिजवायचं किती? दोन उदबत्त्या जळून संपेपर्यंत. अंडी पन्नासच असतील तर मीठही निम्मं करा, एवढं तो बजावून सांगतो. सोया सॉस नाही, चक्रीफूल नाही. उंची चहाही त्यानं मागितलेला नाही, आणि त्यामागे व्यवहार आहे. तासन्‌तास उकळायचं तर कोवळ्या पानांचा नाजूक सुगंध उडूनच जाणार. टिकतो तो तुरटपणा आणि रंग, आणि ते दोन्ही जाड पानांत भरपूर असतं.

पण या पदार्थाचं सगळं मर्म मसाल्यात नसून टरफलाच्या तड्यात आहे. चिनी स्वयंपाकघरात सोललेली उकडलेली अंडीही सोया आणि मसाल्याच्या रश्श्यात मुरवतात. त्यांना ‘लू-दान’ म्हणतात. ती बाहेरून सरसकट तपकिरी होतात, नक्षी काही उमटत नाही. उलट अख्खं, न फुटलेलं अंडं कितीही वेळ चहात ठेवलं तरी आतला बलक जवळपास पांढराच राहतो. टरफलाला हजारो सूक्ष्म छिद्रं असली तरी ती फार चिंचोळी असतात, आणि रंगाचे मोठे रेणू त्यांतून सहजी आत जात नाहीत. चहा-अंडं या दोन टोकांच्या मधलं आहे. टरफल फुटलेलं असतं, तरी अंगावर असतं.

टरफलाच्या आत एक पातळ, चिवट पापुद्रा असतो. उकडलेलं अंडं सोलताना हाताला चिकटतो तोच. टरफलाला तडा गेला की चहा त्या फटीतून पापुद्र्यापर्यंत पोहोचतो, तिथे साठतो आणि पापुद्र्यातून झिरपत बलकाला लागतो. फटीखाली रंग गडद, टरफल चिकटून राहिलेल्या जागी फिका. चहातली तुरट द्रव्यं प्रथिनांना घट्ट बिलगतात. म्हणूनच दुधाचा चहा कोऱ्या चहाइतका तुरट लागत नाही. इथेही तेच होतं. रंग बलकाच्या वरच्या थरातल्या प्रथिनांना धरून बसतो, आत पसरत नाही आणि रेषा फिसकटत नाहीत. मिठाचं तसं नाही. त्याचे कण इतके बारीक असतात की ते हळूहळू खोलवर उतरतात. म्हणून रात्रभर मुरलेलं अंडं कापलं तर रंग कडेलाच थांबलेला दिसतो, पण मधल्या घासालाही चव असते. मसाल्याचा गंध मात्र मुख्यतः बाहेरच्या थरातच राहतो. पिवळ्या बलकाला चक्रीफुलाचा घमघमाट येईल अशी अपेक्षा ठेवू नये.

आता प्रत्यक्ष तडा कसा पाडायचा ते पाहू. अंडं आधी पूर्ण उकडलेलं आणि गार झालेलं हवं. गरम असताना बलक मऊ असतो, ठोक जरा जास्त बसला की तो टरफलासकट चिरतो. अंडं डाव्या हाताच्या खोलगट तळव्यात धरायचं आणि चमच्याच्या फुगीर पाठीनं हलके ठोके द्यायचे. एका जागी एकच ठोका, मग अंडं बोटभर फिरवायचं आणि पुढचा. पहिला आवाज कोरडा, ‘टक्’ असा येतो. टरफल फुटलं की तोच आवाज दबका होतो आणि बोटांना चमच्याखाली किंचित खोलगटपणा जाणवतो. तिथे थांबायचं. अंड्याच्या जाड टोकाशी विशेष सांभाळावं लागतं, कारण तिथे आत हवेची पोकळी असते. टरफलाला मागून आधार नसतो, त्यामुळे ते पटकन आत दबतं आणि तुकडा निघून येतो.

नक्षी बारीक हवी की ठसठशीत, हे हातावर अवलंबून आहे. पुष्कळ हलके ठोके दिले की जाळं दाट होतं, मोजकेच आणि जरा जोरात दिले की मोठ्या शिरा उमटतात. काहीजण अंडं पोळपाटावर तळव्याखाली फिरवतात. त्यानं काम झटपट होतं, पण टरफल सुटं होऊन गळायला लागतं, आणि जिथे तुकडा पडला तिथे रेषेऐवजी तपकिरी धब्बा येतो. घाबरट हाताची चूक उलटी असते. तडे पृष्ठभागावरच राहतात, टरफल बाहेरून सुंदर दिसतं आणि सोलल्यावर आतला बलक फिका निघतो.

आठ अंड्यांचं प्रमाण असं धरता येईल. अंडी आठ-दहा दिवसांची असावीत. अगदी ताज्या अंड्याचा पापुद्रा बलकाला चिकटून बसतो आणि सोलताना नक्षीसकट लचके निघतात. अंडी फ्रीजमधून काढून अर्धा तास बाहेर ठेवावीत, उकळत्या पाण्यात अलगद सोडून आठ-नऊ मिनिटं शिजवावीत आणि लगेच गार पाण्यात घालावीत. दुसऱ्या पातेल्यात एक लिटर पाणी, दोन मोठे चमचे पानांचा काळा चहा, पाच मोठे चमचे पातळ, फिक्या रंगाचा सोया सॉस, एक छोटा चमचा मीठ, तेवढीच खडीसाखर, दोन चक्रीफुलं, बोटभर दालचिनी आणि अर्धा चमचा सिचुआनची मिरी घालून दहा मिनिटं उकळावं. मग तडे पाडलेली अंडी त्यात बुडवून मंद आचेवर अर्धा तास ठेवावं. पाण्यावर अधूनमधून एखादा बुडबुडा यावा, इतकीच आच. भांडं लवकर गार करावं, अंडी पाण्यासकट फ्रीजमध्ये ठेवावीत आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सोलावीत.

आपल्याकडच्या दुकानांत सहज मिळतो तो बहुतेक वेळा दाट, काळा सोया सॉस. तो पाच चमचे घातला तर रेषा आणि मोकळी जागा यांतला फरकच बुजतो. तसा असेल तर दोन चमचे घ्यावा आणि मीठ थोडं वाढवावं. सिचुआनची मिरी नसेल तर कोकणातलं तिरफळ चालतं, आणि ही नुसती वेळ मारून नेणारी तडजोड नाही. दोन्ही एकाच कुळातली झाडं आहेत, दोन्हींत जिभेला झिणझिण्या आणणारा गुण आहे आणि दोन्हींचं फक्त साल वापरायचं असतं, आतली काळी बी टाकून द्यायची असते. बांगड्याच्या कालवणात तिरफळ घालणाऱ्या घरात हे सांगावं लागणार नाही. मात्र तिरफळाचा वास जास्त उग्र असतो, तेव्हा आठ अंड्यांना तीन-चार पुरेत.

मंद आचेचा आग्रह का? खळखळ उकळलं तर अंडी एकमेकांवर आपटून टरफलं गळतात, हे एक. शिवाय जास्त वेळ जोरात शिजलेला बलक रबरासारखा होतो आणि पिवळ्याभोवती हिरवट-करडी कडा येते. पांढऱ्यातला गंधक आणि पिवळ्यातलं लोह यांच्या संयोगाची ती खूण आहे. त्यानं अपाय होत नाही, पण वास बिघडतो. दुकानातल्या कुकरमधली अंडी तासन्‌तास गरम असतात, त्यामुळे ती घट्ट आणि चिवट लागतात, आणि पुष्कळांना तीच खरी चव वाटते. घरी मात्र थोडं शिजवून जास्त मुरवणं चांगलं. एक काळजी घ्यावी. तडा गेलेल्या अंड्याला टरफलाचं संरक्षण उरलेलं नसतं. दुकानात ते सतत गरम राहतं म्हणून चालतं. घरी ते कोमट पाण्यात ओट्यावर रात्रभर ठेवू नये, आणि फ्रीजमधलंही तीन-चार दिवसांत संपवावं.

चहाचा प्रश्न उरतो. महाराष्ट्रातल्या घरोघरी असते ती दाणेदार पावडर. दूध-साखर घालून दोन मिनिटांत कडक चहा व्हावा म्हणून ती तशी बनवलेली असते. अर्धा तास उकळली की ती पाण्याला नको तितका तुरटपणा देते, आणि तिचा गाळ तड्यांत अडकून रेषा मळकट दिसतात. पावडरच वापरायची तर प्रमाण निम्मं करावं, आणि दहा मिनिटांनी पाणी गाळून मगच अंडी सोडावीत. लांब पानांचा आसाम चहा मिळाला तर उत्तमच.

आसामचं नाव इथे ओढूनताणून आणलेलं नाही. तैवानच्या मध्यभागी सूर्य-चंद्र नावाचं सरोवर आहे. जपानी राजवटीत, 1920च्या दशकात, त्या परिसरात आसामच्या चहाची लागवड करण्यात आली. तिथला दमट डोंगराळ भाग त्या झाडांना मानवला आणि आजही तिथला काळा चहा त्याच वंशाचा आहे. सरोवराकाठी श्वेनक्वांग मंदिराच्या धक्क्यावर एका आजीबाईंनी सुरू केलेलं चहा-अंड्यांचं दुकान अनेक दशकं चालू आहे. त्यांच्या पातेल्यात याच भागातला काळा चहा आणि सुकवलेली शिताके अळंबी असतात. अळंबीमुळे रश्श्याला मांसाशिवायच भरदार चव येते. होडीतून उतरलेले प्रवासी रांग लावतात, अंडं या हातातून त्या हातात झेलत थोडं गार करतात, आणि धक्क्याच्या पायऱ्यांवर बसून तड्यातड्यानं टरफल उतरवतात.