आधी आराखडा, मग वाक्य, शेवटी अक्षर

पुस्तक लिहून झालं की नवा लेखक बहुधा म्हणतो, "जरा प्रूफं तपासून द्या." हाती मात्र अजून प्रूफ नसतं, असतो तो वर्डमधला मजकूर. त्याला नेमकं काय हवं आहे हे ठरवायचं, तर तीन कामं वेगळी ओळखावी लागतात: आशयसंपादन, भाषासंपादन (कॉपीएडिटिंग) आणि मुद्रितशोधन.

समजा, एका निवृत्त एसटी वाहकाने आपल्या नोकरीच्या आठवणी लिहिल्या आहेत. आशयसंपादक ते हस्तलिखित सलग वाचतो आणि ऱ्हस्व-दीर्घाला हातही लावत नाही. त्याचे प्रश्न वेगळे असतात. पहिली चार प्रकरणं बालपणावर कशासाठी? संपाचं प्रकरण सगळ्यात जिवंत आहे, मग ते शेवटाकडे का ढकललं? पत्नीचा उल्लेख मध्येच का थांबतो? हे सगळं तो लेखकाला काही पानांच्या टिपणात कळवतो. पुनर्लेखन लेखकानेच करायचं असतं.

असं टिपण पुस्तकाचं रूप किती पालटू शकतं याचं प्रसिद्ध उदाहरण हार्पर ली यांचं. १९५७ साली त्यांनी लिपिंकॉट या प्रकाशनसंस्थेकडे दिलेल्या कादंबरीत नायिका मोठी झालेली होती आणि बालपण आठवणींतून येत होतं. टे हॉहॉफ या संपादिकेने त्यांच्याकडून मजकूर पुन्हा पुन्हा लिहून घेतला. त्यातून बालपणाचीच कथा सांगणारी 'टू किल अ मॉकिंगबर्ड' १९६० मध्ये आली. मूळ हस्तलिखित 'गो सेट अ वॉचमन' या नावाने २०१५ मध्ये छापलं गेलं, त्यामुळे दोन्ही शेजारी ठेवून वाचता येतात.

भाषासंपादकाचं काम प्रकरणांचा क्रम पक्का झाल्यावर सुरू होतं. आपल्या वाहकाने लिहिलं आहे: "डेपो मॅनेजर यांच्याकडून मला बोलावण्यात येऊन माझ्याकडून खुलासा मागवण्यात आला." संपादक ते असं करतो: "डेपो मॅनेजरनं मला बोलावून खुलासा मागितला." पण एखादा प्रवासी "म्या नाय काढलं तिकीट" म्हणत असेल, तर ते वाक्य तो तसंच ठेवतो, कारण ती त्या माणसाची बोली आहे.

त्याच्या शेजारी एक यादी वाढत जाते: 'एसटी' की 'एस. टी.', 'केले' की 'केलं', गावांची नावं कशी लिहायची. एकदा ठरलं की पुस्तकभर तेच. तपशीलही तो जुळवून पाहतो. बाराव्या पानावर नोकरी १९७९ला लागली आणि निवृत्ती २००९ची, तर पुढे 'अठ्ठावीस वर्षांची नोकरी' कशी? अशा ठिकाणी तो आकडा स्वतः बदलत नाही, समासात लेखकाला विचारतो.

त्यानंतर पानं लागतात आणि तेव्हाच खरं प्रूफ तयार होतं. मुद्रितशोधक संपादित प्रत शेजारी ठेवून ते वाचतो. वर्डमधला मजकूर डीटीपीच्या फाँटमध्ये जाताना जोडाक्षरं फुटतात, रफार भलत्या अक्षरावर जातो, 'दुसऱ्या'तला 'ऱ्या' बिघडतो, क्वचित एखादा परिच्छेदच गळतो. 'दिन' आणि 'दीन' दोन्ही शब्द खरे असल्याने संगणकाची तपासणी तिथे गप्प बसते. शीर्षकं, पानांचे क्रमांक, अनुक्रमणिका, फोटोंखालच्या ओळी हेही त्यालाच पाहायचं असतं.

लेखकाला नेमका याच वेळी नवा परिच्छेद सुचतो. १६ पानांचे १२ फॉर्म, म्हणजे १९२ पानं, भरली असतील, तर त्या परिच्छेदाने मजकूर १९३व्या पानावर सांडतो. मग कागदाचा हिशेब बदलतो, पुढच्या प्रकरणांची पानं सरकतात आणि अनुक्रमणिका चुकते. शिवाय नव्या ओळींचं भाषासंपादन झालेलंच नसतं. म्हणून प्रुफात एखादा शब्द बदलणं भागच असेल, तर साधारण तेवढ्याच लांबीचा शब्द शोधतात.

कामांचा क्रम यावरूनच ठरतो. प्रकरणं अजून हलणार असतील, तर ऱ्हस्व-दीर्घ सुधारण्याचे पैसे फुकट जातात, कारण सुधारलेली पानंच पुढे गळतात. वाचायला दिलेले मित्र पुस्तक मध्येच सोडत असतील किंवा "विषय काय?" असं विचारत असतील, तर आशयसंपादन हवं. ते शेवटपर्यंत वाचतात पण वाक्यांत अडखळतात, नावांत गोंधळतात, तर भाषासंपादन. मुद्रितशोधनाला मात्र पर्याय नाही, कारण पानं लावतानाच नव्या चुका शिरतात.

प्रकाशक पुस्तक स्वीकारत असेल, तर यातलं कोणतं काम तो स्वतः करून घेणार हे आधीच विचारावं. स्वखर्चाने छापणार असाल, तर काम देण्यापूर्वी दहा पानं नमुन्यादाखल तपासून घ्या. ती फक्त वेलांट्या-उकार सुधारून परत आली आणि तुमची तक्रार प्रकरणांच्या क्रमाबद्दल असली, तर तुम्ही मुद्रितशोधकाकडे गेला आहात, संपादकाकडे नव्हे.