टर्नटेबलचा स्क्रू फिरवण्याआधी पट्टा पाहा

जुन्या टर्नटेबलचा व्यवहार करताना ‘मोटर गेली’ म्हणून भाव पाडला जातो. पुष्कळदा दोष फक्त रबरी पट्ट्याचा असतो, आणि तो स्ट्रोब डिस्कवर दिसतो.

आपली वीज 50 हर्ट्झची असल्याने जुनी चोकवाली ट्यूबलाइट सेकंदाला 100 वेळा लुकलुकते. म्हणून मिनिटाला 33⅓ फेऱ्यांसाठी डिस्कवर 180 रेघा हव्यात. इन्व्हर्टरवर किंवा एलईडी दिव्याखाली तपासणीचा भरवसा नाही.

मशीन दहा मिनिटे चालवा. रेकॉर्डवर मधोमध छोटी डिस्क ठेवून बाहेरच्या भागावर सुई टेकवा. रेघा स्थिर दिसल्या तर वेग बरोबर. फिरण्याच्या दिशेने सरकल्या तर जास्त, उलट सरकल्या तर कमी.

माझ्या मशीनवर दहा सेकंदांत 15 रेघा मागे गेल्या, म्हणजे मिनिटाला 90. अचूक वेगात मिनिटाला 6000 रेघा जातात. तेव्हा वेग दीड टक्का कमी. सुई उचलताच रेघा जवळजवळ थांबल्या. ओझे पडताच पट्टा घसरत होता. पुली स्पिरिटने पुसली, तरी फरक नाही. पट्टा काढला तर आतून चकचकीत, बारीक भेगा पडलेला.

त्याच लांबी-जाडीचा नवा पट्टा घातला. जाड पट्ट्याने वेग वाढतो. मग दहा सेकंदांत दोनच रेघा पुढे गेल्या. तेवढा फरक डीसी मोटरच्या स्क्रूने काढला. एसी सिंक्रोनस मोटरला असा स्क्रू नसतो.

बंधूंनो, सतत सारखा फरक असेल तर स्क्रू. सुईने वेग पडत असेल तर पट्टा. मोटरचा हिशेब त्यानंतर.