थोरले भाऊजी नेमके कोणते?

संध्याकाळी सात ते दहा या वेळात मराठी घरांतला टीव्ही जेवढा पाहिला जातो, त्याहून जास्त ऐकला जातो. गॅसवर भाजी असते, कुणाच्या हातात शेंगा सोलायला असतात, कुणी पाठमोरं बसून इस्त्री करत असतं. मालिकेतली माणसं कानांनी ओळखावी लागतात, आणि एकत्र कुटुंबाच्या मालिकेत ती एका वेळी दहा-बारा असतात. म्हणून अशा मालिकेचं बारसं करणं हे लेखनातलं खरं कौशल्याचं काम आहे, आणि त्याची सुरुवात नावांपासून होत नाही. कोण कोणाला काय म्हणून हाक मारतं, तिथून होते.

कारण साधं आहे. आपल्याकडे नात्यातल्या मोठ्या माणसाला नावाने हाक मारत नाहीत. भास्कर नावाचा माणूस धाकट्या भावाचा दादा असतो, भावजयीचा भाऊजी, पुतण्याचा काका, मुलीचा बाबा, भाच्याचा मामा आणि बायकोचा ‘अहो’. लेखकाने त्याचं नाव कितीही विचार करून ठेवलेलं असो, आई किंवा एखादा मित्र सोडला तर ते उच्चारणारं घरात कुणी नाही. प्रेक्षकाच्या कानावर एकाच माणसाची सहा नावं पडतात आणि सातवं, म्हणजे खरं नाव, कधीच पडत नाही. उलट ‘वहिनी’ हा एकच शब्द घरातल्या तीन बायकांना लागू पडतो.

यावरचा तोडगा आपल्या जुन्या घरांनीच शोधून ठेवलेला आहे. पूर्वी अनेक घरांत मुलं स्वतःच्या वडिलांना ‘दादा’, ‘भाऊ’ किंवा ‘अण्णा’ म्हणत, कारण काका त्यांना तसं म्हणत. आईलाही ‘वहिनी’ म्हणणारी मुलं होती. घरातल्या एका पिढीची हाक पुढच्या पिढीने जशीच्या तशी उचलायची, अशी ती पद्धत. मालिकेला ती फार सोयीची पडते, कारण एक माणूस आणि एकच हाक, मग बोलणारा कुणीही असो. ‘रात्रीस खेळ चाले’मधले अण्णा आणि माई हे याचं स्वच्छ उदाहरण आहे. माईंचं नाव इंदुमती, पण ते आठवायची गरज प्रेक्षकाला क्वचितच पडते. त्या घरातले तीन भाऊ माधव, दत्ता आणि अभिराम, आणि त्यांच्या बायका नीलिमा, सरिता आणि देविका. तिन्ही भावांच्या नावांचं पहिलं अक्षर वेगळं आहे आणि तिन्ही सुनांच्याही, त्यामुळे वाड्यात कुणी कुणाला बोलावलं हे स्वयंपाकघरातूनही कळतं.

‘होणार सून मी ह्या घरची’ समोरचं कोडं आणखी अवघड होतं. नायिकेला एक नव्हे, सहा सासवा. नुसतं ‘सासूबाई’ म्हटलं तर सहाजणींनी वळून पाहिलं असतं. तिथे प्रत्येकीला स्वतःची हाक दिली गेली. आईआजी, बेबी आत्या, सरू मावशी अशा त्या हाका होत्या. नातं आणि नाव यांची गाठ मारली की दोन कामं एकदम होतात: ‘आत्या’ने जागा कळते आणि ‘बेबी’ने माणूस. ‘आईआजी’ तर असा जोडशब्द आहे की तो दुसऱ्या कुणाला लागूच पडत नाही.

आता एक घर रचून पाहू. साताऱ्याकडचा एक वाडा धरा. आई, तीन मुलगे, तीन सुना, परत माहेरी आलेली एक बहीण आणि दोन नातवंडं, अशी दहा माणसं. पहिल्या फटक्यात जी नावं सुचतात ती खऱ्या घरांसारखी असतात: सुरेश, रमेश, महेश, सुना सविता, सरिता, सुनीता. खरी घरं अशीच यमकं जुळवतात आणि त्यांना त्याचा त्रास होत नाही, कारण ती माणसं एकमेकांना जन्मभर पाहत असतात. प्रेक्षकाला मात्र पहिल्या आठवड्यातच ती वेगळी करायची आहेत, तेही जाहिरातींच्या अधूनमधून. म्हणून ही सगळी यादी फाडून टाकायची.

आईला सगळे ‘माई’ म्हणतील. थोरला भास्कर, पण तो सगळ्यांचा ‘दादा’, पुतण्याचासुद्धा. त्याची बायको सुलभा ही घरातली एकटी ‘वहिनी’, आणि हा शब्द दुसऱ्या कुणाला द्यायचा नाही. मधला विश्वास, त्याची बायको नयना. धाकटा केदार, आणि त्याची नवी बायको, आपली नायिका, रेवा. बहीण ‘जिजी’. थोरल्याची मुलगी पल्लवी, मधल्याचा मुलगा ओंकार.

कागदावर ही यादी बरी दिसते. आता ती मोठ्याने हाक मारून तपासायची, आणि इथे एक चूक सापडते. लांबून हाक मारताना आपण शेवटचा स्वर ओढतो, सुरुवातीची व्यंजनं विरतात आणि शेपूट तेवढी ऐकू येते. माडीवरून कुणी ‘केदाऽऽर’ म्हणालं आणि कुणी ‘ओंकाऽऽर’ म्हणालं, तर खाली दोन्ही ‘आऽऽर’ एवढंच पोचतं. काका-पुतण्या एकाच हाकेला ओ देतील. म्हणून ओंकारचा ‘ओजस’ करायचा. ‘पुष्कर’ही चालणार नाही, कारण माई थोरल्याला ‘भास्कर’ म्हणते. बायकांच्या नावांना ही अडचण जास्त, कारण ती बहुतेक ‘आ’ किंवा ‘ई’वर संपतात. तिथे नावाच्या लांबीने फरक करावा लागतो. ‘सुलभा’ आणि ‘नयना’ तीन अक्षरी, म्हणून नवी सून दोन अक्षरी ‘रेवा’.

दुसरी तपासणी लाडाच्या नावाची. पत्रिकेवर अभिजित आणि अभिषेक वेगळे असतात. घरात दोघेही ‘अभि’. मेघना आणि मेघा यांची ‘मेघू’ होते. नाव घरात आलं की दोन दिवसांत आखूड होतं, तेव्हा जुळवणी करायची ती आखूड झालेल्या नावांची.

2019 मध्ये सुरू झालेल्या ‘आई कुठे काय करते’ने हे नियम मोडलेले दिसतात. देशमुखांच्या घरात अनिरुद्ध, अरुंधती, अविनाश, अभिषेक, अनघा आणि अप्पा, शिवाय पुढे आशुतोष. इतके ‘अ’ एकत्र येऊनही मालिका वर्षानुवर्षं चालली. ते निभावलं याची कारणं माझ्या मते दोन. कथा जिच्याभोवती फिरते ती मुलांच्या तोंडी ‘आई’च आहे आणि मालिकेच्या नावातही आई आहे; सासऱ्यांना ‘अप्पा’ ही हाक आहे; अभिषेक ‘अभि’ होतो. दुसरं म्हणजे ‘अरुंधती’ आणि ‘अनिरुद्ध’ ही लांब, ठसठशीत नावं आहेत आणि ती एका बाईची व एका पुरुषाची आहेत, त्यामुळे क्रियापदाचं लिंगही मदतीला येतं. ‘अनिरुद्ध गेला’ आणि ‘अरुंधती गेली’ यात घोळ होत नाही. मात्र नवी मालिका लिहिणाऱ्याने हे अनुकरण करू नये. ज्या दोन माणसांचं वय, लिंग आणि घरातली जागा सारखी आहे, त्यांची आद्याक्षरं वेगळीच हवीत.

नावं ठरली तरी ती प्रेक्षकापर्यंत पोचवायची कशी, हा पुढचा प्रश्न. ‘रेवा, तू माझ्या धाकट्या दिराची बायको, आणि हा माझा पुतण्या ओजस’ असं घरात कुणी बोलत नाही. हे वाक्य लिहिलं की प्रसंग मेलाच. नाव घ्यावंच लागेल असा प्रसंग निवडायचा, आणि त्यात पंगतीला तोड नाही. वाढणारीला प्रत्येकाला विचारावंच लागतं. पहिल्याच दिवशी रेवाच्या हातात आमटीची वाटी द्या.

‘माई, आमटी?’
‘आधी दादाला वाढ.’
‘दादा, वाढू?’
‘अर्धी पळी. विश्वासला दे, त्याला लागते.’
‘विश्वासभाऊजी…’
‘त्यांना नको गं, पित्त होतं,’ नयना आतून म्हणते.
‘बरं, नयनाताई.’

सात ओळींत तीन माणसांना हाका मिळाल्या, चौथीचं नाव आणि ती कुणाची बायको हेही कळलं. घरात थोरला कोण, हे माईच्या एका वाक्याने सांगितलं. नयनाने नवऱ्याचं नाव घेतलं नाही, तरी ‘त्यांना’ म्हणताच जोडी लागली. ‘अहो’ मात्र अशा भरल्या पंगतीत वापरायचं नाही. दोन जोडपी समोर असली की ते कुणाला म्हटलं हे कळत नाही. ते खोलीतल्या प्रसंगासाठी राखावं. नव्या पिढीची रेवा नवऱ्याला सरळ ‘केदार’ म्हणते, आणि त्यातून तिची पिढी वेगळी आहे हेही आपोआप कळतं.

असेच आणखी काही प्रसंग आपल्या रीतींत तयार आहेत. उखाणा हा तर नवऱ्याचं नाव मोठ्याने घ्यायचाच प्रसंग. लग्नाची पत्रिका वाचून दाखवताना अख्खं घर वयाच्या क्रमाने समोर येतं. मालिकांमध्ये लग्न आणि सण इतके का येतात, याच्या अनेक कारणांत हेही एक आहे.

गडबड पुढे होते. मराठी मालिकेत कथा, पटकथा आणि संवाद हे बहुधा वेगवेगळे लोक लिहितात, आठवड्याला सहा भाग लागतात आणि मधेच संवादलेखक बदलतो. नवा माणूस सवयीने सुलभाच्या तोंडी विश्वासला ‘विश्वास’ म्हणवतो, नयनाच्या तोंडी दादाला ‘मोठे भाऊजी’, आणि ओजस अचानक त्याला ‘काका’ म्हणू लागतो. एका महिन्यात दादाला तीन नावं होतात. यावर उपाय एकच, हाकांचा तक्ता. उभ्या रांगेत दहा नावं, आडव्या रांगेत तीच दहा, आणि प्रत्येक चौकटीत हा तिला काय म्हणतो ते. दहा माणसांच्या नव्वद चौकटी भरायला एक दुपार पुरते. नवं पात्र आलं की त्याची रांग आधी भरायची, मग त्याला बोलतं करायचं.

प्रेक्षक गोंधळला आहे हे ओळखायची खूणही सोपी आहे. दुसऱ्या दिवशी गोष्ट सांगताना बायका ‘ती चष्मेवाली’, ‘तो मधला’ किंवा त्या नटीच्या आधीच्या मालिकेतलं नाव वापरू लागल्या, की ते पात्र नावाने रुजलेलं नाही असं समजावं. तेव्हा वेळ गेलेली नसते. एखादी टोपणहाक देऊन ते सावरता येतं.

आणि ‘सूनबाई’ हा शब्द, एकापेक्षा जास्त सुना असलेल्या घरात, लेखकांनी वापरूच नये. तो ऐकून नेमकी कोण उठली हे कळत नाही, आणि जिची गोष्ट आपण रोज रात्री ऐकतो तिचं नाव मात्र कानावर पडायचं राहून जातं.