कबूल किती, जमा किती : स्नेहमेळाव्याच्या सभेची वही

‘शहरातील आपल्या माजी विद्यार्थी व्यावसायिकांनी भरीव मदत करण्याचे कबूल केले. टाळ्यांच्या गजरात स्वागत.’ माजी विद्यार्थी संघांच्या इतिवृत्तात अशा धाटणीची वाक्यं हमखास सापडतात. सभेत बसलेल्यांना त्या क्षणी सगळं स्पष्ट वाटतं. तीन महिन्यांनी मंडपवाला आगाऊ रक्कम मागायला येतो, खजिनदार वही उघडतो आणि त्या वाक्यातून त्याच्या हाती काहीच लागत नाही. आकडा नाही, तारीख नाही, पैसे कुणी मागायचे तेही नाही.

शाळेच्या स्नेहमेळाव्यात बिघडणाऱ्या बऱ्याच गोष्टींचं मूळ अशा एखाद्या पानावर असतं. जेवण कमी पडतं, कुणाच्या तरी खिशातून पैसे जातात, सरांना आणायला गाडीच जात नाही. म्हणून सभेची वही चिटणिसाच्या कपाटात ठेवून द्यायची वस्तू नाही. मेळाव्याचं काम तिच्यावरच चालतं.

तिची ठेवण ठरलेली असते : सभेचा क्रमांक, तारीख, स्थळ, उपस्थितांच्या सह्या, गणपूर्ती झाली की नाही, मागील सभेचं इतिवृत्त वाचून कायम करणं, मग विषयवार ठराव, प्रत्येकाखाली सूचक आणि अनुमोदक. शेवटी ‘आयत्या वेळचे विषय’. पैशाचा ठराव या शेवटच्या सदरात कधीच घेऊ नये. तोवर निम्मी मंडळी उठलेली असतात आणि जे मंजूर होतं ते विषयपत्रिकेवर नसल्याने गैरहजर सदस्यांना त्याची कल्पनाच नसते. वाद इथूनच सुरू होतात.

संघ नोंदणीकृत असेल तर वहीला कायद्याचंही वजन येतं. महाराष्ट्रात असे बरेच संघ १८६०चा संस्था नोंदणी कायदा आणि १९५०चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा या दोन्हींखाली नोंदलेले असतात. त्यांचे हिशेब तपासले जातात, बँक खात्यावर सही कुणाची हे बदलायचं झालं तर बँक ठरावाची प्रत मागते. महाविद्यालयांच्या बाबतीत ‘नॅक’च्या मूल्यांकनात माजी विद्यार्थ्यांच्या सहभागाचा वेगळा मुद्दाच आहे.

एक नमुना घेऊ. समजा, तालुक्याच्या गावातली एक शाळा आहे. डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी मेळावा, पहिली सभा ऑगस्टमध्ये. अडीचशे माजी विद्यार्थी येतील असा अंदाज आणि नोंदणी शुल्क प्रत्येकी १,००० रुपये. शिवाय शिक्षक, शिपाईमामा आणि पाहुणे मिळून तीस जण, ज्यांच्याकडून शुल्क घ्यायचं नाही. नाष्टा, जेवण आणि दोन वेळचा चहा यांचे माणशी ५५० रुपये, बिल्ला आणि पिशवीचे १५०, म्हणजे माणशी ७०० रुपये. २८० माणसांचे झाले १,९६,००० रुपये. माणसं कितीही आली तरी न बदलणारा खर्च वेगळा : मंडप आणि खुर्च्या ६०,०००, ध्वनिव्यवस्था २५,०००, शिक्षकांचा सत्कार आणि प्रवास ३०,०००, फोटो व चित्रीकरण २५,०००, छपाई १५,००० आणि राखीव १५,०००. हे १,७०,०००. एकूण खर्च ३,६६,००० रुपये, नोंदणीतून येणार २,५०,०००. तूट १,१६,००० रुपयांची.

सभेत तिघांकडून मदत कबूल होते. बांधकाम व्यवसायातला एक माजी विद्यार्थी ७५,००० देतो म्हणतो, एक जुनी बॅच मिळून ५०,००० देते आणि औषध दुकानदार असलेला एक वर्गमित्र पिशव्यांसाठी २५,००० देऊ करतो. बेरीज दीड लाख. कागदावर ३४,००० रुपये शिल्लक दिसतात आणि सभा आनंदात संपते.

आता हाच हिशेब दुसऱ्या बाजूने बघा. नोंदणी १८० वरच थांबली. प्रत्येक विद्यार्थ्याच्या हजारातले सातशे त्याच्यावरच खर्च होतात, मंडपासारख्या कायम खर्चाला हातभार लागतो तो फक्त तीनशेंचा. सत्तर माणसं कमी झाली की तूट २१,०००ने वाढते आणि १,३७,००० होते. त्यात ७५,००० देणाऱ्याचा बांधकाम प्रकल्प रखडला आणि रक्कम आलीच नाही, तर मदत उरली ७५,०००. शिल्लक दूरच, ६२,००० रुपये कमी पडतात. कुणीही खोटं बोललेलं नसतं. फक्त वहीत आशेचा एकच अंदाज लिहिला होता.

ही वेळ येण्याआधी इतिवृत्तात दोन गोष्टी हव्यात. पहिली म्हणजे अंदाजपत्रकाच्या दोन आवृत्त्या, एक अपेक्षित संख्येची आणि एक कमीत कमी संख्येची. दुसरी म्हणजे कपातीचा क्रम : पैसे कमी पडले तर आधी काय सोडायचं. पिशव्या सोडाव्यात असं पटकन वाटतं. पण वरच्या उदाहरणात २१० पिशव्या-बिल्ले रद्द करून ३१,५०० वाचतात आणि पिशव्यांसाठीच दिलेले २५,००० परत करावे लागतात. हातात राहतात फक्त साडेसहा हजार. त्यापेक्षा मंडपाऐवजी शाळेचं सभागृह घेतलं आणि ४०,००० वाचले, चित्रीकरण सोडून फक्त फोटो ठेवले आणि १५,००० वाचले, राखीव १५,००० वापरले, तर सत्तर हजारांची सोय होते आणि खड्डा भरतो. अट एवढीच की हा निर्णय मंडपवाल्याला आगाऊ रक्कम देण्याआधी व्हायला हवा. म्हणून ठरावात तारीख लागते : ‘३० नोव्हेंबरपर्यंत जमा झालेल्या रकमेवर मंडपाचा निर्णय घेण्यात येईल.’ शिक्षकांचा सत्कार मात्र या क्रमात कुठेच नसावा. मेळावा त्यांच्यासाठीही आहे आणि ज्या समित्या तो खर्च सुरुवातीलाच बाजूला काढून ठेवतात त्या योग्य करतात.

प्रायोजकांची नोंद तीन रकान्यांत ठेवली की चित्र आपोआप स्वच्छ होतं : कबूल, लेखी, जमा. तोंडी शब्द पहिल्यात जातो. पत्र, ईमेल किंवा रकमेचा स्पष्ट उल्लेख असलेला संदेश आला की दुसऱ्यात. व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणी अंगठा दाखवला तर तो अजून पहिल्याच रकान्यात असतो. बँकेत पैसे आले की तिसऱ्यात. प्रत्येक सभेत हे तीन आकडे वाचून दाखवायचे आणि खर्चाचा शब्द द्यायचा तो फक्त तिसऱ्याच्या भरवशावर. पाठपुरावा कोण करणार त्याचं नाव त्याच ओळीत. देणाऱ्याचा वर्गमित्र असेल तर उत्तम, कारण आठवण करून देताना त्याला संकोच कमी वाटतो.

‘नाष्टा माझ्याकडून’ ही मदत सर्वांत गोड आणि सर्वांत धूसर. किती ताटांचा, कोणते पदार्थ, आचारी कुणाचा, संख्या वाढली तर वरचा खर्च कुणाचा हे लिहिलं नाही तर सकाळी नऊ वाजता अडीचशे जणांसमोर दीडशे बश्या येतात. वस्तूच्या रूपातल्या मदतीचीही अंदाजे किंमत लिहावी आणि तेवढा खर्च अंदाजपत्रकातून वजा करावा. तो वजा करायचा राहिला की नाष्ट्याचे पैसे दोनदा धरले जातात.

बदल्यात काय द्यायचं हेही वहीत यावं. फलकावर नाव, मंचामागे बॅनर, दोन मिनिटं बोलण्याची संधी यांपैकी नेमकं काय ते ठरावात असलं की ऐनवेळी मंचावर ताण होत नाही. कराच्या दृष्टीनेही हा फरक मोठा आहे. केवळ कृतज्ञता म्हणून देणाऱ्याचं नाव लिहिलं, त्यातून धंद्याची जाहिरात होत नसेल, तर त्यावर जीएसटी लागत नाही, असं २०१९च्या एका परिपत्रकात स्पष्ट केलं आहे. दुकानाची जाहिरात झळकली तर तो व्यवहार देणगी राहत नाही आणि त्याला देणगीची पावती देता येत नाही. आयकराची सवलत देणाऱ्या ‘८०जी’ पावतीसाठी संघाला तशी मान्यता असावी लागते आणि दोन हजारांवरची रोख देणगी त्या सवलतीत बसत नाही. म्हणून पैसे संघाच्या खात्यातच यावेत, कुणा उत्साही सदस्याच्या मोबाइल क्रमांकावर नव्हे. नोंदणी नसलेल्या बॅचने निदान दोघांच्या संयुक्त खात्याचा ठराव करावा. आणि एखाद्या प्रायोजकाने सगळ्यांच्या फोन क्रमांकांची यादी मागितली, तर नकाराचा ठराव स्पष्ट शब्दांत नोंदवावा. क्रमांक भेटीसाठी दिलेले असतात, विक्रीसाठी नव्हे.

स्वयंसेवकांच्या पानावर ‘भोजनव्यवस्था सर्वांनी पाहावी’ असं लिहिलं की ती कुणीच पाहत नाही. एका कामाला एक नाव, एक पर्यायी नाव आणि एक तारीख लागते. भोजनप्रमुखाची तारीख आचाऱ्याकडून येते. ताटांची पक्की संख्या त्याला किती दिवस आधी हवी ते विचारायचं आणि नोंदणी त्याच्या आधी बंद करायची. ध्वनिक्षेपकाची परवानगी काढणाऱ्याचं नाव हवं. रात्री दहानंतर तो वाजवायला बंदी असल्याने गाण्यांचा कार्यक्रम किती वाजता सुरू करायचा तेही त्याच ओळीत ठरतं.

दोन कामं विशेष जपून द्यायची. पहिलं, वर्गातल्या मुलींचा शोध. शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये माहेरचं नाव असतं, लग्नानंतर बऱ्याच जणींचं आडनाव आणि काहींचं नावही बदललेलं असतं. मुलांचे ग्रुप दोन आठवड्यांत भरतात, मुलींची यादी अर्धीच राहते आणि मेळावा मुलांचाच होतो. हे काम वर्गातल्याच दोघींकडे द्यावं. रजिस्टर पाहायला मुख्याध्यापकांची लेखी परवानगी घ्यावी आणि ‘सापडल्या किती, बोलणं झालं किती’ हा आकडा प्रत्येक सभेत मागावा. एकीचा पत्ता बहुधा दुसरीच्या भावाकडून किंवा आईकडून मिळतो, त्यामुळे सुरुवात ऑगस्टमध्येच हवी.

दुसरं काम निवृत्त शिक्षकांना आणण्याचं. ऐंशी पार केलेल्या बाईंना आणायचं तर नोंद अशी असावी : ‘गाडी सकाळी ९ वाजता. सोबत एक माजी विद्यार्थिनी. जिना नसलेला दरवाजा. पथ्याचे जेवण साडेबाराला. परतीची गाडी २ वाजता, कार्यक्रम संपण्याची वाट न पाहता.’ पाच छोटी वाक्यं, पण ज्याने ती लिहून घेतली त्याने बाईंच्या घरी फोन करून विचारपूस केली आहे हे त्यातून कळतं.

मेळावा झाला की बहुतेक वह्या कोऱ्या राहतात. फोटो फिरतात, हिशेबाची सभा मात्र होत नाही. ती महिन्याच्या आत व्हावी. अंदाज आणि प्रत्यक्ष खर्च शेजारी-शेजारी लिहावेत, न आलेल्या प्रायोजनांपुढे ‘प्राप्त नाही’ एवढंच, कुणाला दूषण न देता. उरलेल्या रकमेचं काय करायचं त्याचा वेगळा ठराव करावा आणि त्या पानाची प्रत पैसे देणाऱ्या प्रत्येकाला पाठवावी. तुमच्या बॅचचा मेळावा गेल्या वर्षी-दोन वर्षांत झाला असेल, तर चिटणिसांकडे ही शेवटची सभा झाली का, एवढं नक्की विचारा. झाली नसेल तर ती आजही बोलावता येते.