प्रमुख पाहुण्यांचं स्वागत: आधी शाल की आधी पुष्पगुच्छ?

गॅदरिंग असो, वाचनालयाचा वर्धापनदिन असो की सोसायटीचा कार्यक्रम, एक दृश्य हमखास दिसतं. पाहुण्यांच्या एका हातात पुष्पगुच्छ, दुसऱ्या हातात नारळ आणि यजमान त्यांच्या खांद्यावर शाल टाकायची धडपड करतायत. शाल एका बाजूने घसरते, पाहुण्यांना ती सावरता येत नाही आणि फोटो नेमका तेव्हाच निघतो.

हे टाळायचं तर क्रम साधा आहे. आधी शाल, मग श्रीफळ आणि शेवटी पुष्पगुच्छ. ‘शाल, श्रीफळ आणि पुष्पगुच्छ देऊन सत्कार’ असं आपण म्हणतो, त्याच क्रमाने वस्तू द्यायच्या. शाल घेताना पाहुण्यांचे दोन्ही हात मोकळे हवेत. पुष्पगुच्छ शेवटी दिला की तो हातात धरूनच फोटो होतो.

फक्त गुलाबाचं फूल किंवा पुष्पगुच्छ देऊन सुरुवातीला स्वागत आणि शाल-श्रीफळाचा सत्कार नंतर, अशीही पद्धत आहे. तसं असेल तर स्वागताचा गुच्छ स्वयंसेवकाने लगेच घेऊन बाजूला ठेवावा.

पहिला मान कोणाचा?

खरा घोळ होतो तो इथे. आपल्याकडे बहुतेक कार्यक्रमांना प्रमुख पाहुण्यांबरोबर एक अध्यक्षही असतात. सभा अध्यक्षांच्या नावाने चालते, म्हणून भाषणाची सुरुवात ‘अध्यक्ष महोदय, प्रमुख पाहुणे...’ अशी होते. स्वागताचा क्रमही सहसा तोच: आधी अध्यक्ष, मग प्रमुख पाहुणे, मग इतर मान्यवर.

एक उदाहरण घेऊ. तालुक्याच्या गावातल्या वाचनालयाचा वर्धापनदिन आहे. प्रमुख पाहुण्या एक लेखिका आहेत आणि सभेचं अध्यक्षस्थान वाचनालयाचे अध्यक्षच भूषवणार आहेत. म्हणजे यजमान आणि सभाध्यक्ष एकच. पाहुण्यांआधी यजमानांनी स्वतःचा सत्कार करून घेणं बरं दिसत नाही. अशा वेळी अध्यक्षपदाची सूचना आणि अनुमोदन झालं की दीपप्रज्वलन आणि प्रतिमापूजन उरकावं. मग वाचनालयाच्या अध्यक्षांनी लेखिकाबाईंचा सत्कार करावा आणि त्यानंतर कार्यवाहांनी अध्यक्षांना फूल द्यावं. अध्यक्ष बाहेरून बोलावलेले असतील, तर मात्र पहिला मान त्यांचाच.

मंचावर मंत्री आणि खासदार दोघेही असतील तर? सरकारी समारंभांसाठी राष्ट्रपती सचिवालयाने 26 जुलै 1979 रोजी जाहीर केलेली मानक्रमाची यादी आहे. त्यात राज्याचे कॅबिनेट मंत्री आपल्या राज्यात 15 व्या, तर खासदार 21 व्या क्रमांकावर आहेत. खासगी संस्थेला ही यादी बंधनकारक नाही, पण कोणाला आधी बोलवायचं यावर वाद होणार असेल तर तिचा आधार घेता येतो. शंका असेल तर मान्यवरांच्या कार्यालयात आदल्या दिवशी विचारून घ्यावं.

शाल कशी द्यायची?

शाल प्लास्टिकच्या पिशवीतून आधीच काढून, लांबीत घडी घालून तबकात ठेवा. तबकात शाल सर्वांत वर, बाजूला नारळ. पुष्पगुच्छ दुसऱ्या स्वयंसेवकाच्या हातात. तबक यजमानांच्या उजव्या हाताला उभं राहील असं बघा. पाहुणे उभे राहिले की शाल दोन्ही खांद्यांवर सारखी पांघरावी. पाहुण्या स्त्री असतील तर अनेक ठिकाणी संस्थेच्या महिला सदस्य शाल देतात. त्या नसतील तर घडीची शाल दोन्ही हातांनी हातात द्यावी.

स्वागताचे शब्द किती?

सत्कार चालू असताना सूत्रसंचालकांनी पाहुण्यांचा सगळा परिचय वाचू नये. परिचय वेगळा असतो आणि तो पाहुण्यांच्या भाषणाआधी येतो. इथे दोन वाक्यं पुरतात. वरच्या उदाहरणात ती अशी असतील:

‘आजच्या प्रमुख पाहुण्या, ज्येष्ठ लेखिका (पूर्ण नाव) यांचं वाचनालयाच्या वतीने मनःपूर्वक स्वागत. वाचनालयाचे अध्यक्ष (पूर्ण नाव) यांना मी विनंती करते, त्यांनी शाल, श्रीफळ आणि पुष्पगुच्छ देऊन पाहुण्यांचा सत्कार करावा.’

आधी पाहुण्यांचं नाव, मग सत्कार करणाऱ्याचं. दोन्ही नावं आणि पदं कागदावर लिहून ठेवा. चुकीचं आडनाव माईकवर गेलं, तर ते शालीने झाकता येत नाही.