आधी वस्त्र, मग मस्तक, शेवटी हात

अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातला हाती कमळ घेतलेला पद्मपाणी किती तरी दिनदर्शिकांवर आणि पुस्तकांच्या मुखपृष्ठांवर ‘भगवान बुद्ध’ म्हणून छापला गेला आहे. तो बुद्ध नाही, बोधिसत्त्व आहे. हे ठरवायला पोथ्या चाळाव्या लागत नाहीत. त्याच्या डोक्यावर रत्नजडित मुकुट आहे, गळ्यात मोत्यांची माळ आहे. राजवाडा सोडताना सिद्धार्थाने अलंकार उतरवले आणि केस कापले. म्हणून बुद्धाच्या अंगावर दागिना नसतो, कानात कुंडलही नसते. पूर्वी घातलेल्या जड कुंडलांनी लांबलेल्या कानाच्या पाळ्या तेवढ्या उरतात.

लेण्यांत गेलेला माणूस पहिल्यांदा मूर्तीचे हात पाहतो, कारण मुद्रांची नावे कानावरून गेलेली असतात. माझ्या मते सुरुवात इथूनच चुकते. दगडी मूर्तीत बाहेर आलेला हात सर्वांत आधी तुटतो. शिवाय अभय किंवा वरद मुद्रा बुद्धाची असते, बोधिसत्त्वाची असते, तारेचीही असते. हातावरून मूर्ती काय करते आहे ते कळते, ती कोणाची आहे हे क्वचितच कळते. म्हणून आधी वस्त्र पाहावे.

बुद्धाच्या अंगावर भिक्षूचे चीवर असते. गांधार शैलीत त्याच्या जाड चुण्या लांबूनही दिसतात. सारनाथ आणि अजिंठ्याच्या शिल्पकारांनी मात्र ते इतके तलम कोरले आहे की अंग उघडेच वाटते. अशा वेळी कडा शोधायच्या. डाव्या खांद्यावरून छातीवर तिरपी उतरून उजव्या काखेखाली जाणारी रेघ दिसली, तर उजवा खांदा मोकळा ठेवून पांघरलेले ते चीवर आहे. रेघ गळ्याभोवती असेल तर दोन्ही खांदे झाकलेले आहेत. डाव्या मनगटाशी लोंबणारा काठ आणि मांडी घातलेल्या घोट्यांपुढे पंख्यासारखी पसरलेली चुणी याही खुणा आहेत. वेरूळला हे फार उपयोगी पडते, कारण तिथे बौद्ध आणि जैन अशी दोन्ही लेणी आहेत. इंद्रसभेतला ध्यानस्थ तीर्थंकर लांबून बुद्धासारखाच दिसतो, पण त्याच्या छातीवर चीवराची रेघ नसते.

बोधिसत्त्व कमरेला धोतर नेसतात. त्यांची छाती उघडी असते आणि बहुधा दागिन्यांनी सजलेली असते. त्यांच्यातला कोण कोणता, हे मस्तकावरून ठरते. औरंगाबाद लेण्यांपैकी सातव्या लेण्यात याचा उत्तम नमुना पाहायला मिळतो. छत्रपती संभाजीनगर शहरालगतच्या डोंगरातली ही लेणी अजिंठा-वेरूळच्या मानाने ओस असतात, त्यामुळे शांतपणे पाहता येतात. इथल्या ओसरीत पुरुषभर उंचीहून मोठी एक उभी मूर्ती आहे. अंगावर चीवर नाही, म्हणजे बुद्ध नव्हे. डोक्यावर तपस्व्यासारखा जटांचा उंच मुकुट आहे. एवढ्यावर थांबले तर कोणी तिला शिवाची मूर्तीही म्हणेल. मान वर करून जटांच्या मधोमध पाहावे. तिथे मांडी घालून बसलेली, ध्यानमुद्रेतली एक छोटी बुद्धमूर्ती आहे. हा अमिताभ बुद्ध. तो मस्तकी धारण करणारा बोधिसत्त्व म्हणजे अवलोकितेश्वर. कमळाची खूण त्याला दुजोरा देते.

मग दोन्ही बाजूंच्या चौकटी वाचायच्या. चार इकडे, चार तिकडे. कुठे आग लागली आहे, कुठे तलवार उपसलेला लुटारू, कुठे बेड्या, कुठे बुडणारे जहाज. शिवाय सिंह, साप, हत्ती आणि साक्षात मृत्यू. प्रत्येक चौकटीत घाबरलेली माणसे हात जोडून आहेत आणि त्यांच्याकडे तोच बोधिसत्त्व लहान रूपात हवेतून झेपावतो आहे. व्यापारी तांडे आणि जहाजे ज्या भीतींनी ग्रासलेली असत, त्या सगळ्या इथे कोरल्या आहेत. कान्हेरीच्या नव्वदाव्या लेण्यातही असाच पट आहे.

याच रीतीने जटांत किंवा मुकुटात छोटा स्तूप दिसला तर तो भावी बुद्ध मैत्रेय. मंजुश्री ओळखायचा तो कमळावर ठेवलेल्या पोथीवरून, वज्रपाणी वज्रावरून. ही चिन्हे बहुधा डाव्या हातातल्या देठाच्या टोकाशी, खांद्याजवळ असतात. म्हणून देठ सापडला की तो वरपर्यंत नजरेने धरून जायचे.

आसनावरून फसगत होते ती पाय सोडून बसलेल्या मूर्तीची. खुर्चीवर बसल्यासारखे दोन्ही पाय खाली सोडलेले असले की त्याला प्रलंबपादासन म्हणतात. मध्य आणि पूर्व आशियात मैत्रेय पुष्कळदा असा बसतो, म्हणून आपल्याकडच्या मूर्तींनाही काहीजण मैत्रेय म्हणून मोकळे होतात. पण वेरूळच्या दहाव्या लेण्यात, म्हणजे सुतारांनी विश्वकर्मा म्हणून पुजलेल्या मूर्तीच्या चैत्यगृहात, असा बसलेला आहे तो धर्मोपदेश करणारा बुद्ध. अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यातही तसेच. उलट एकच पाय खाली सोडून ऐसपैस बसलेली आकृती दिसली, तर ती बोधिसत्त्वाची किंवा तारेची असण्याचा संभव जास्त.

आता हातांकडे वळू. उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी जुळून वर्तुळ झाले आहे, डाव्या हाताचे बोट त्याला टेकले आहे आणि दोन्ही हात छातीशी आहेत, ही धर्मचक्र मुद्रा. पीठावर चक्र आणि दोन हरणे असतील तर प्रसंगही ठरला : सारनाथच्या मृगदावातले पहिले प्रवचन. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातल्या गाभाऱ्यात हे स्पष्ट दिसते.

सर्वांत जास्त गल्लत होते ती खाली सोडलेल्या उजव्या हाताची. तळवा समोर, पाहणाऱ्याकडे वळलेला असेल तर तो वर देणारा हात, वरद मुद्रा. तळवा आत वळून बोटे गुडघ्यावरून पीठाकडे गेली असतील तर भूमिस्पर्श. माराने आव्हान दिले तेव्हा बुद्धाने पृथ्वीला साक्षीला बोलावले, तो हा क्षण. अजिंठ्याच्या सव्विसाव्या लेण्यातल्या भिंतीवर या हाताभोवती अख्खी कथा कोरली आहे : हत्तीवरून चालून येणारा मार, त्याची सेना आणि खाली बुद्धाला मोहात पाडू पाहणाऱ्या त्याच्या मुली.

पण वज्रयानात अक्षोभ्य नावाचा बुद्धही हाच भूमिस्पर्श करतो. वर पिंपळाची पाने, भोवती माराची सेना असेल तर शाक्यमुनी, आणि पीठावर हत्ती असतील तर अक्षोभ्याचा विचार करायचा. दोन्ही नसेल तर निकाल लागत नाही. बिहार-बंगालमधल्या पाल काळातल्या मूर्ती आणखी एक पेच टाकतात. तिथे चीवर पांघरलेल्या बुद्धाच्या डोक्यावर चक्क मुकुट असतो. अशा वेळी चीवराचे ऐकायचे : तो बुद्धच, मुकुटधारी बुद्ध.

मस्तक झिजलेले, हात तुटलेले आणि देठाचा मागमूस नसलेली मूर्ती समोर आली, तर छायाचित्राखाली नुसते ‘बोधिसत्त्व’ लिहावे. अवलोकितेश्वर प्रसिद्ध आहे म्हणून त्याचे नाव चिकटवू नये.