फेब्रुवारीचा पगार का आक्रसतो?

फेब्रुवारीचा पगार बँकेत जमा झाला की अनेक कचेऱ्यांमध्ये एकच वाक्य ऐकू येते : ‘यंदा टॅक्स फार कापला.’ शिवडीच्या क्षयरोग रुग्णालयात काम करणाऱ्या परिचारिकेला, बंदराच्या गोदामात हिशेब ठेवणाऱ्या कारकुनाला किंवा अटल सेतू ओलांडून नवी मुंबईत नोकरीला जाणाऱ्या इंजिनीअरला कायदा एकच लागू आहे, आणि तिघांचा समजही बहुधा एकच असतो. तो समज असा, की दर महिन्याच्या पगारावर त्या महिन्याचा कर असतो, आणि वर्षअखेरीस कंपनी किंवा कार्यालय काहीतरी जास्तीचे कापून घेते. माझे म्हणणे याच्या उलट आहे. आयकराला महिना ठाऊकच नाही, त्याला फक्त वर्ष ठाऊक आहे. दरमहा कापली जाते ती एका अंदाजाच्या रकमेची किस्त असते. शेवटच्या महिन्यांत जे मोठे दिसते ते जवळजवळ नेहमी आधीच्या महिन्यांत न कापलेले असते.

यात एक छोटी रक्कम मात्र आधी बाजूला काढली पाहिजे, कारण ती गोंधळ वाढवते. महाराष्ट्रात व्यवसाय कराचे दरमहा 200 रुपये कापले जातात, पण फेब्रुवारीत 300. अकरा महिन्यांचे 2,200 आणि हे 300 मिळून 2,500 होतात. राज्यांनी या करापोटी एका व्यक्तीकडून वर्षाला जास्तीत जास्त 2,500 रुपयेच घ्यावेत, ही मर्यादा राज्यघटनेतच आहे. त्या आकड्याला बाराने सरळ भाग जात नाही, म्हणून फेब्रुवारीत शंभर रुपये जास्त जातात. हा राज्याचा कर आहे, आयकराशी त्याचा संबंध नाही. पगारपत्रकावर दोन्ही कपाती एकाखाली एक छापलेल्या असतात, एवढेच.

आता मुख्य हिशेब. 1961 च्या आयकर कायद्याच्या कलम 192 नुसार पगार देणाऱ्याने वर्षाच्या सुरुवातीला कर्मचाऱ्याच्या पूर्ण वर्षाच्या पगाराचा अंदाज करायचा असतो. त्यातून कायद्याने मिळणाऱ्या वजावटी वजा करायच्या, उरलेल्या रकमेवर वर्षाचा कर काढायचा आणि त्याच्या सरासरी दराने दरमहा कपात करायची. 1 एप्रिल 2026 पासून नवा आयकर कायदा आला, कलमाचा क्रमांक बदलला, पण तत्त्व हेच राहिले. एप्रिलमध्ये कापली जाते ती रक्कम म्हणजे वर्षाच्या कराचा बारावा भाग. पुढे अंदाज बदलला, तर त्याच कलमाने आधीची कमी-जास्त कपात त्याच वर्षात भरून काढण्याची मुभा दिली आहे. त्यामुळे अकाउंट्सचा संगणक दर महिन्याला एकच प्रश्न सोडवत असतो : आजच्या माहितीप्रमाणे वर्षाचा कर किती, त्यातला कापून झाला किती, आणि उरलेला किती महिन्यांत वाटायचा? या भागाकारात भाजक दरमहा एकाने कमी होतो. मे महिन्यात आलेली बातमी अकरा किस्तींत विरून जाते. तीच बातमी फेब्रुवारीत आली तर तिला दोनच महिने मिळतात.

हे आकड्यांत पाहू. 2025-26 या वर्षात, नव्या कररचनेत, एकाचा पगार दरमहा 1,04,000 रुपये आहे असे समजा. एप्रिलचा अंदाज 12,48,000. त्यातून 75,000 ची प्रमाणित वजावट गेली की 11,73,000 उरतात. टप्प्यांप्रमाणे यावर 57,300 रुपये कर निघतो, पण करपात्र उत्पन्न 12 लाखांच्या आत असल्यामुळे कलम 87अ ची सवलत तो पूर्ण माफ करते. म्हणून एप्रिल ते डिसेंबर कपात शून्य. जानेवारीत 1,00,000 रुपयांचा बोनस मिळतो आणि करपात्र उत्पन्न 12,73,000 होते. आता कर 70,950 आणि त्यावर 4 टक्के उपकर, एकूण 73,788 रुपये. तीन महिन्यांत वाटले तर दरमहा 24,596. काही कचेऱ्या एकरकमी देण्यांवरचा कर त्याच महिन्यात पूर्ण कापतात, तिथे जानेवारीतच सगळा घाव बसतो.

इथे दुसरा पक्का रुजलेला गैरसमज समोर येतो : ‘बोनसवर जास्त दराने कर लागतो.’ बोनससाठी वेगळा दर नाही. वरच्या उदाहरणात बोनसमुळे खरोखर वाढलेला कर, उपकर सोडून, फक्त 13,650 रुपये आहे. 12 लाखांपर्यंतच्या 27,000 वर दहा टक्के आणि त्यापुढच्या 73,000 वर पंधरा टक्के, एवढाच. बाकीचे 57,300 म्हणजे आधी माफ झालेला कर, जो सीमा ओलांडताच जिवंत झाला. सीमेच्या अगदी जवळ असणाऱ्यांसाठी कायद्यात सीमांत सवलत आहे. 12 लाखांवर जेवढे उत्पन्न, त्याहून जास्त कर, उपकर वगळता, घेतला जात नाही. पण साधारण 70,600 रुपये ओलांडले की ती संपते, आणि या उदाहरणातले 73,000 नेमके तिच्या पलीकडे पडतात. लाखाच्या बोनसमधले हातात 26,212 राहतात हे बोचणारेच आहे, आणि अशा कठोर सीमेवर टीका व्हायला हवी असे मला वाटते. पण ती टीका कायद्यावर व्हावी, पगारपत्रक करणाऱ्यावर नव्हे. हा बोनस एप्रिलमध्येच ठाऊक असता तरी वर्षाचा कर 73,788 च असता. फक्त तो दरमहा 6,149 रुपयांनी गेला असता.

वाढीचे दुसरे कारण म्हणजे पुरावे, आणि ते प्रामुख्याने जुनी कररचना निवडणाऱ्यांना लागू आहे. एप्रिलमध्ये कर्मचारी ‘डिक्लेरेशन’ देतो : इतके भाडे भरीन, इतका विमा, इतकी गुंतवणूक. त्या शब्दावर कपात कमी ठेवली जाते. डिसेंबर-जानेवारीत कागद मागितले जातात, आणि जे कागदावर नाही ते हिशेबातून उडते. शिवडी-परळ-लालबागच्या पट्ट्यात इथे एक खास अडचण आहे. पगडीच्या खोलीत राहणारा माणूस भाडेकरूच असतो, भाड्याची पावतीही त्याच्याकडे असते, आणि पगारात घरभाडे भत्ता आहे म्हणून तो सूट मागतो. पण सूट मिळते ती भत्ता, मुंबईत मूळ पगाराच्या निम्मी रक्कम, आणि मूळ पगाराच्या दहा टक्क्यांहून जास्त भरलेले भाडे, या तिघांत जी सर्वांत लहान असेल तितकी. मूळ पगार 40,000 असेल तर दहा टक्के म्हणजे 4,000. खोलीचे भाडे चारशे रुपये असेल तर सूट शून्य, पावत्या कितीही नीट लावल्या तरी. इमारत पुनर्विकासाला गेल्यावर तेच कुटुंब 14,000 रुपये भाड्याच्या घरात गेले, तर चित्र बदलते : दरमहा 10,000, वर्षाला 1,20,000 ची सूट निघू शकते. मात्र वर्षाचे भाडे लाखाच्या वर गेले की घरमालकाचा पॅन द्यावा लागतो. करारनामा वडिलांच्या नावाचा आणि भाडेही त्यांच्याच खात्यातून जात असेल, तर मुलाला सूट मागता येत नाही.

समजा, एप्रिलमध्ये ही 1,20,000 ची सूट धरली गेली आणि जानेवारीत घरमालकाचा पॅन आला नाही. जुन्या रचनेत वीस टक्क्यांच्या टप्प्यात असलेल्या माणसाचा कर उपकरासह 24,960 रुपयांनी वाढतो. बारा महिन्यांत तो दरमहा 2,080 झाला असता. फेब्रुवारी आणि मार्च या दोनच पगारांत तो दरमहा 12,480 होतो. दर तोच, रक्कम तीच, फक्त महिने सहापट कमी. राज्य शासनाच्या सेवकांत तर मार्चचा पगार एप्रिलमध्ये हाती येतो, त्यामुळे करासाठीचे वर्ष मार्च ते फेब्रुवारी या पगारांचे धरतात आणि फेब्रुवारीचे बिल ही शेवटची संधी असते. ‘फेब्रुवारीचा पगार सरकारचा’ अशी समजूत तिथे पसरण्याचे कारण हे.

यावर एक रास्त आक्षेप घेतला जातो. कर माझा आहे, जुलैत विवरणपत्र भरताना मी तो भरीन. मग कार्यालयाने शेवटच्या दोन महिन्यांत माझा गळा का आवळावा? उत्तर असे, की कपात करणे ही कर्मचाऱ्यावर केलेली मेहेरबानी नाही आणि त्याच्यावरचा अविश्वासही नाही. ती पगार देणाऱ्याची स्वतःची कायदेशीर जबाबदारी आहे. कमी कापले तर कायदा त्याला कसूरदार ठरवतो आणि न कापलेल्या रकमेवर दरमहा एक टक्का व्याज लावतो. कापून भरले नाही तर दीड टक्का. कापलेले पैसे वर्षअखेरीपर्यंत तो वापरतो, हा समजही चुकीचा आहे : खासगी नोकरीत ते पुढच्या महिन्याच्या 7 तारखेपर्यंत सरकारजमा करावे लागतात, फक्त मार्चच्या कपातीला 30 एप्रिलपर्यंत मुदत आहे. खरोखरच कमी कपात व्हायला हवी असेल, तर आयकर अधिकाऱ्याकडून तसा दाखला आणण्याची सोय कायद्यात आहे. तोंडी आश्वासनावर अकाउंट्सला ते करता येत नाही. पण आक्षेपाचा दुसरा अर्धा भाग मला पटतो. पुरावे जानेवारीतच मागण्याची सक्ती कायद्यात कुठेही नाही. जी कार्यालये भाडेकरार आणि घरमालकाचा पॅन जूनमध्येच मागतात, त्यांच्याकडे नाकारलेली सूट नऊ महिन्यांत वाटली जाते. जानेवारीची सवय कामाच्या सोयीतून आली आहे, आणि तिची किंमत कर्मचारी भरतो.

तरीही सगळी वाढ योग्यच असते असे नाही. चूक ओळखायची तर कपातीचा आकडा पाहून उपयोग नाही, करगणनेचा तक्ता मागवावा आणि त्यातल्या तीन ओळी पाहाव्यात : वर्षाचा धरलेला पगार, मान्य केलेल्या वजावटी आणि आतापर्यंत कापलेला कर. कोणती कररचना धरली आहे, हे तक्त्याच्या डोक्यावर असते. न कळवल्यास नवीच धरली जाते. वर्षाच्या मध्ये नोकरी बदललेल्यांनी पहिली ओळ जास्त लक्षपूर्वक वाचावी. आधीच्या नोकरीचा पगार नव्या ठिकाणी कळवला नसेल, तर दोन्ही ठिकाणी 75,000 ची वजावट आणि खालचे टप्पे दोनदा मिळतात, कपात कमी होते आणि फरक विवरणपत्राच्या वेळी व्याजासह अंगावर येतो. डिसेंबरमध्ये कळवला तर नव्या ठिकाणी उरलेल्या महिन्यांत कपात एकदम उडी घेते.

शेवटच्या महिन्यांत गेलेले पैसे परत येतील का, हे वाढ कशामुळे झाली त्यावर ठरते. घरमालकाचा पॅन मार्चनंतर मिळाला आणि भाडे खरोखर भरलेले असेल, तर वेळेत विवरणपत्र भरताना जुनी रचना निवडून ती सूट मागता येते, आणि जास्तीचे 24,960 परताव्याने परत मिळतात. नोकरदाराने कार्यालयाला वर्षभर एक रचना सांगितली असली तरी विवरणपत्रात दुसरी निवडता येते. बोनसमुळे 12 लाखांची रेषा ओलांडलेल्याला मात्र 15 जूनपर्यंत मिळणाऱ्या फॉर्म 16 मध्ये 73,788 हाच आकडा कापलेला दिसेल आणि देणे असलेलाही तोच दिसेल.